ढगांचं चित्र

रविवार, २५ एप्रिल १९९९. दुपारचे साडेचार. धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका छापखान्यात सत्तार तडवीने स्वतःचीच डिस्क तपासायला लावली आणि पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळी उतरू लागल्या.

एक ओळ, दोन ओळी, मग थांबेचनात. प्रत्येक ओळीत त्याच्याच एका पॅकेजचं नाव होतं. दोन हजार सालचा अपडेट, प्रिंटरचे ड्रायव्हर, नवा ब्राउझर, फाँट बसवायचा प्रोग्राम. जे जे तो गेले दोन महिने गावोगावच्या मशीनवर चढवत आला होता ते ते. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकाच व्हायरसचं नाव.

छापखान्याचा मालक फारुख खुर्चीच्या पाठीवर हात टेकून बघत होता. "भाऊ, हे माझ्या मशीनचं आहे की तुझ्या डबड्याचं?"

"दोघांचं," सत्तार म्हणाला. "माझ्याकडून तुझ्याकडे आलं."

"डॉक्टरनेच पेशंटला गोवर दिला म्हणायचा!" फारुख हसला. सत्तार हसत नाही हे पाहून त्याने हसू आवरतं घेतलं. "जाईल ना पण?"

"तुझ्याकडून जाईल. आत्ताच काढतो."

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत तेव्हा छापखाना, दवाखाना, वकिलाचं ऑफिस, सोसायटी अशा ठिकाणी कॉम्प्युटर येऊन बसले होते, पण इंटरनेट क्वचितच कुठे होतं. मशीनला काही नवं द्यायचं झालं तर ते कुणीतरी उचलून न्यावं लागे. सत्तार तडवी ते नेत असे. मूळचा यावलकडचा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, वय चौतीस, जळगावात एका खोलीत एकटा. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत एक निळी चपटी पेटी असायची, झिप ड्राइव्ह. प्रिंटरची केबल काढून तिथे ती जोडायची, आत शंभर एमबीची डिस्क सरकवायची. सत्तर फ्लॉप्यांचा माल एका डिस्कमध्ये. पुण्याचा एक ओळखीचा माणूस त्याला पॅकेजेस सीडीवर घालून कुरिअरने पाठवायचा. सत्तार ती झिपवर उतरवायचा आणि एसटीत बसायचा.

तो बेफिकीर नव्हता. पेटीच्या तळाला त्याने एक चिठ्ठी चिकटवली होती. प्रत्येक पॅकेजचं नाव, त्याचा आकार किती बाइट, तारीख कोणती. कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी तो डिस्कवरच्या फायली त्या चिठ्ठीशी ताडून पाहायचा. व्हायरस फायलीला चिकटला की फाइल फुगते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आकार जुळला तर माल शुद्ध.

हा व्हायरस फाइल फुगवत नव्हता. प्रोग्रामच्या फायलीत मधेमधे मोकळ्या जागा राहतात, भिंतीच्या विटांमध्ये राहाव्यात तशा. हा तुकडे होऊन त्यांत बसत होता. तारीखही होती तीच ठेवायचा. सत्तारने दोन महिने रोज आकार ताडले होते आणि रोज ते बरोबर आले होते.

व्हायरस ओळखणारा प्रोग्राम त्याच्याकडे होता, पण त्यातली यादी गेल्या वर्षीच्या मार्चमधली होती. हा व्हायरस निघाला त्यानंतर. वर्गणी संपली, नव्या याद्या पाठवणारं पुण्याचं दुकान बंद झालं, दुसरं मिळेपर्यंत वर्ष गेलं. लोकांना अपडेट देत फिरणाऱ्या माणसाचं स्वतःचं अपडेट राहून गेलं होतं. नव्या यादीच्या फ्लॉप्या काल कुरिअरने आल्या. त्या घेऊन तो आज पहिलं ठिकाण म्हणून फारुखकडे आला होता.

फ्लॉप्यांबरोबर एक माहितीपत्रक होतं. ते त्याने आता उघडून वाचलं. या व्हायरसचा दिवस सव्वीस एप्रिल. त्या तारखेला बाधा असलेलं मशीन चालू झालं की हा डिस्कच्या सुरुवातीचा भाग कचऱ्याने भरून टाकतो. कुठली फाइल कुठे आहे याचा सगळा पत्ता त्याच भागात असतो. काही मशीनची तर सुरू होण्याची चिपच पुसली जाते.

"उद्या," सत्तार स्वतःशीच म्हणाला.

"उद्या काय?"

"उद्या सव्वीस."

फारुखचं मशीन त्याने शुद्ध फ्लॉपीवरून चालू केलं, साफ केलं, पुन्हा तपासलं. त्या फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी होती. खिडकी उघडी असली की तिच्यावर कुणालाच काही लिहिता येत नाही, व्हायरसलाही नाही. झिपच्या डिस्कला अशी खिडकी नसते. तिचं कुलूप सॉफ्टवेअरमधून लावायचं असतं, आणि ते लावायचं लक्षात ठेवावं लागतं.

त्याने फेब्रुवारीत ते काढलं होतं. कुणासाठी काढलं होतं तेही त्याला आठवत होतं.

फारुखने चहा मागवला. सत्तारने अर्धा कप तसाच ठेवला आणि समोरच्या एसटीडी बूथवर गेला.

रविवार म्हणजे निम्मा दर. बूथबाहेर रांग होती. आत एक बाई सुरतेला असलेल्या मुलाशी ओरडून बोलत होती, "जेवतो का रे वेळेवर?" तिच्यामागे दोन शिपाई, त्यांच्यामागे सत्तार. हातात ठिकाणांची नावं. त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या मशीनवर पोरं कुठून कुठून आणलेले गेम खेळत असत. व्हायरस तिथूनच डिस्कवर चढला असणार, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर सत्तार जिथे जिथे गेला ती ही नावं.

अमळनेरचे वकील घरीच होते. "उद्या कोर्ट आहे, मशीन लावायला मला वेळ कुठंय?" म्हणाले. क्लासवाल्याने आधी वाद घातला, मग घाबरला. जळगावच्या डॉक्टरांच्या बायकोने निरोप लिहून घेतला आणि तीनदा वाचून दाखवला. पहूरच्या दुकानदाराने विचारलं, "मग परवा लावलं तर चालेल?" चालेल, पण मी येऊन साफ केल्याशिवाय नको, सत्तार म्हणाला. एकेक नाव तो खोडत गेला. कुणी रागावलं नाही. त्याने माफी मागितली तेव्हा लोकांना ती कशाबद्दल तेच कळलं नाही.

शेवटचं नाव राहिलं ते सावद्याच्या तोताराम नानांचं. नानांकडे फोन नव्हता. ते मळ्यात राहत. निरोप द्यायचा तर गावातल्या जीवरामच्या बूथवर.

जीवरामने उचलला तेव्हा पलीकडून बँड ऐकू येत होता.

"कोन? सत्तारभाऊ? मोठ्यानं बोला, इठी वरात चालली!"

"जीवराम, तोताराम नानांना निरोप द्यायचाय. आत्ताच. उद्या कॉम्प्युटर चालू करू नका म्हणावं. अजिबात नाही."

"काहून?"

"त्यात व्हायरस आहे. उद्याची तारीख लागली की डिस्क पुसतो."

"तारखेनं मरते मशीन?" जीवराम हसला. "उद्या एकादशी हाये. मशिनीलेबी उपास पाडता का?"

"जीवराम, चेष्टा नाही. नानांच्या सगळ्या विहिरींची मापं त्यात आहेत."

"माहीत हाये ना बाप्पा. सारं गाव वळखते नानाच्या विहिरी. विहिरीत दोर सोडून बसते म्हातारा, जसं काही खाली कोन्ही उत्तर देनार हाये." मग आवाज जरा खाली आला. "सांगतो. वरात मारुतीपाशी पोचली की मीच जातो सायकलवर. पक्कं."

सत्तारने पैसे दिले. मागच्या माणसाने विचारलं, "झालं का? की आणखी लावायचाय?" निम्म्या दरात आणखी कुणाला लावावा असं सत्तारला काही सुचलं नाही. तो बाजूला झाला.

जळगावच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. पारोळ्यापर्यंत उजेड होता. उन्हाने पांढरी पडलेली शेतं, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बांधलेले आणि अजून न सोडलेले झोके. पिशवी मांडीवर होती. आत निळी पेटी आणि तिच्यात ती डिस्क. डिस्क फेकून द्यावी असं त्याच्या मनात आलं, पण खिडकीतून तशी वस्तू फेकणारा तो माणूस नव्हता.

तोताराम नाना हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत. निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून त्यांना एक नाद होता. दर रविवारी सावद्याच्या शिवारातल्या ठरलेल्या विहिरींवर जायचं, गाठी मारलेला दोर सोडायचा, टोकाला लोखंडी वजन. वजन पाण्याला लागलं की दोर सैल पडतो. किती गाठी खाली गेल्या ते मोजून वहीत लिहायचं. एकोणीस वर्षं. केळीच्या बागा वाढल्या, मोटारी वाढल्या, विहिरींमध्ये बोअर पडले, आणि दर वर्षी दोर थोडा जास्त खाली जाऊ लागला. काही विहिरींत वजन आता खडखडत दगडावर पडे. नाना त्या विहिरीही सोडत नसत. "कोरडी हाये हेबी माप हाये," म्हणत.

लोक हसत. बायको गेल्यावर जास्तच हसू लागले. "नाना, सापडली का?" असं, जणू ते बायकोलाच विहिरीत शोधत आहेत, विचारणारेही होते. नाना गाठी मोजत राहत. मुलगा पुण्याला होता. त्याने घर बदललं तेव्हा जुना कॉम्प्युटर नानांना आणून दिला आणि दिवाळीला येतो म्हणून गेला. ती दिवाळी झाली, पुढची झाली. नानांनी दोन हिवाळे बसून सगळी मापं त्या मशीनमध्ये चढवली, एका बोटाने.

सत्तार तिथे पहिल्यांदा गेला तो गेल्या वर्षी. नानांना धास्ती होती दोन हजार सालची. मशीन साल दोन आकड्यांत लिहितं, मग शंभर वर्षं मागे जाऊन माझ्या विहिरी एकोणीसशे सालात पडतील का? नाही पडणार, पण एक पॅकेज येणार आहे, ते आलं की आणतो, सत्तार म्हणाला होता. त्या दिवशी नानांनी त्याला जेवायला थांबवलं. दोघेच. जेवताना नाना फार बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "पुन्हा येशील तवा दुपारून ये. सकाळी मी विहिरीवर राहातो." सत्तारला त्याच्या धंद्यात "आलास की मशीन बघ" म्हणणारे भेटत. तू केव्हा ये हे सांगणारा हा एकच.

फेब्रुवारीत नाना म्हणाले, "वह्यांले वाळवी लागली. आता जे हाये ते या डब्यात. तू एक कॉपी घेऊन जा ना जळगावले. जूनमधी भूजलवाला साहेब येनार हाये, त्याले सारं पाह्यजे. डबा बिघडला त निदान तुझ्यापाशी राहील."

सत्तारने झिपचं कुलूप काढलं. नानांच्या विहिरी डिस्कवर घेतल्या. कुलूप पुन्हा लावायचं राहिलं, कारण नानांनी तेवढ्यात ताक आणलं आणि आग्रह केला.

महिन्याभराने दोन हजार सालचं पॅकेज आलं. त्याच्याबरोबर ब्राउझरचंही, मोठं. डिस्क भरली. सत्तारने पाहिलं, काय काढता येईल. नानांचा फोल्डर होता. त्याने विचार केला, मूळ तर नानांच्या मशीनवर आहेच, परवा तिकडे चाललोच आहे, तेव्हा पुन्हा घेऊ. फोल्डर पुसला. त्या जागेवर पॅकेज बसवलं. मग मध्ये क्लास आला. मग सावदा. नानांच्या मशीनवर दोन हजार सालचा अपडेट चढला, तारीख पुढे करून पाहिली, विहिरी जागच्या जागी राहिल्या. नाना लहान पोरासारखे खूश झाले. पाचची गाडी चुकेल म्हणून सत्तार घाईत निघाला. कॉपी घ्यायची राहिली.

निघताना नाना म्हणाले होते, "वह्या जाळल्या मी. वाळवी घरात पसरू राह्यली होती. तुझ्यापाशी कॉपी हाये, मी निवांत हाये."

तेव्हा तो काही बोलला नव्हता.

जळगावच्या स्टँडवर उतरला तेव्हा सावद्याची शेवटची गाडी गेलेली होती. त्याने स्टँडवरूनच जीवरामला पुन्हा फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. खोलीवर न जाता तो बाकावर आडवा झाला. सकाळच्या पहिल्या गाडीत पहिला तो चढला.

नाना रविवारी मापं घेत आणि सोमवारी सकाळी लाईट असेल तेव्हा ती मशीनमध्ये चढवत. हा त्यांचा नेम होता. नानांनी एकदा धरलेला नेम मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

सावद्याला जीवराम बूथ उघडत होता. सत्तारला पाहून त्याचा हात कडीवरच राहिला.

"गेला होतास का?" सत्तारने विचारलं.

"अरे बाप्पा," जीवराम म्हणाला. "राहूनच गेलं. वरात मारुतीपाशी पोचली, मंग पंगत, मंग नवरीचा मामा रुसला..." तो थांबला. "जरुरी होतं का फार?"

सत्तारने त्याची सायकल घेतली.

मळ्याची वाट केळीच्या बागांमधून जाते. पानं हलत नव्हती. दुरून नानांचं घर दिसलं. दार उघडं होतं. ओसरीत नाना बसले होते, हातात पंखा. आत अंधार. वर टांगलेला विजेचा पंखा थांबलेला.

"आज कसं काय रे सकाळी?" नाना म्हणाले. "आन दुपारून ये म्हटलं होतं ना तुले."

"नाना, मशीन लावलं होतं?"

"लावलं होतं. लाईट होती ना. आता गेली. वायरमन सांगून गेला, डीपी जळाली, ट्रान्सफॉर्मर गेला."

सत्तार दारातच उभा राहिला. "किती वेळ चालू होतं?"

"काय माहीत. बटन दाबलं आन म्हशीले पानी दाखवाले गेलो. ते मशीन उठते हळूहळू, तुले माहीत हाये. आलो त सारं बंद. यूपीएसची बॅटरी त मागंच मेली." नानांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"ढगांचं चित्र आलेलं पाहिलं तुम्ही?"

हे मशीन सुरू होताना पडद्यावर आधी निळं आकाश आणि पांढरे ढग येतात. ते चित्र असेपर्यंत व्हायरस झोपलेला असतो. ढग जाऊन पडदा मांडला गेला, पहिला मोठा प्रोग्राम उठला की हाही उठतो, आणि आजची तारीख पाहतो. लाईट ढगांमध्ये गेली असेल तर विहिरी आहेत. ढगांनंतर गेली असेल तर नाहीत. नानांचं मशीन जुनं होतं. ढग त्यात बराच वेळ राहत.

सत्तारने हे सगळं सांगितलं, सरळ, एकामागून एक. डिस्क त्याच्याकडून बाधली हेही.  शाळेत एखादा मुलगा उत्तर देत असावा तसे नाना ऐकत राहिले.

"ढग होते," शेवटी ते म्हणाले. "मी निंघालो तवा ढग होते. मागून काय झालं ते कसं सांगू?"

"म्हशीला किती वेळ लागला?"

"ते आज दावं सोडून गेली होती. धरून आनली." नाना आठवू पाहत होते. "घड्याळ नाही पाह्यलं. पाहाचं काय कारण होतं?"

आत टेबलावर मशीन होतं. पडदा काळा. त्यावर नानांच्या हाताचे ठसे. शेजारी कागदाच्या चिठोऱ्यावर काल घेतलेली मापं, चढवायची राहिलेली.

नाना उठून आत आले. मशीनच्या डब्यावर हात ठेवला. "जाऊ दे," म्हणाले. "पुसलं असलं त पुसलं. तुझ्यापाशी कॉपी हाये ना. येवढं तोंड काहून पाडलं?"

सत्तार म्हणाला, "नाही नाना. मार्चमध्ये डिस्कवर जागा नव्हती. मी पुसली ती. परत घ्यायची होती, राहिली."

बाहेर म्हैस शेपटी आपटत होती. नानांनी डब्यावरचा हात काढला नाही.

"वह्या जाळल्या ते तुले सांगतलं होतं मी."

"हो."

"तवा बोलला नाही."

"नाही."

 नाना रागावले असते तर सत्तारला सोपं गेलं असतं. त्याने सांगितलं, पिशवीत शुद्ध फ्लॉपी आहे, खिडकी उघडी असलेली. तिच्यावरून मशीन उठवलं तर व्हायरस उठत नाही. डिस्क दिसते का तेवढं बघायचं. दिसली तर पंधरा मिनिटांत साफ करता येईल. इथे लाईट केव्हा येईल सांगता येत नाही, पण गावात आहे. जीवरामच्या बूथवर प्लगचा बोर्ड आहे. डबा आणि पडदा दोन फेऱ्यांत सायकलच्या कॅरिअरला बांधून हळू चालवत नेतो. तिथे दहा मिनिटांत कळेल.

"नाही," नाना म्हणाले.

"नाना, पडू देणार नाही."

"एकदा नेलं ना तू इथून," नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आता डबा इथून हालनार नाही. लाईट येईल तवा येईल. इथंच पाहू."

त्यांनी खुंटीवरचा दोर काढला, वजन हातात तोललं.

"काल घेतली ना मापं?" सत्तारने विचारलं.

"घेतली. वरच्या तीन राहिल्या होत्या, ऊन फार होतं." दारात ते थांबले. "मले उपास हाये. तुझ्यासाठी डब्यात भाकर हाये कालची. मिरचीचा ठेचा हाये. खाऊन घे."

"मी येतो सोबत."

नाना दोर खांद्यावर टाकून निघाले. सत्तार त्यांच्यामागे चालत राहिला. पहिल्या विहिरीवर नानांनी दोर सोडला. गाठींमागून गाठी त्यांच्या बोटांतून खाली गेल्या. सत्तारला वाटलं आता लागेल, आता लागेल. खाली फक्त अंधार होता आणि पारव्यांचे पंख. शेवटी खोल कुठेतरी लोखंड दगडावर वाजलं.

"कोरडी," नाना म्हणाले. "मागच्या रविवारी ओल होती."

त्यांनी तो आकडा कागदावर लिहिला नाही. सत्तारकडे पाहिलं. "तू ध्यानात ठेव," म्हणाले. दुसऱ्या विहिरीचंही तसंच. तिसऱ्या विहिरीत पाणी होतं, दोर सैल पडला, नानांनी तो पुन्हा उचलून पुन्हा टेकवला, खात्री करून घेतली. तोही आकडा सत्तारच्या ध्यानात राहिला. येताना तो तिन्ही मनात घोळवत आला.

दुपारी वायरमन सायकलवरून येऊन गेला. नवी डीपी भुसावळहून निघायची होती, ट्रॅक्टर मिळाला की येईल म्हणाला. आज का उद्या, ते त्याला माहीत नव्हतं. सत्तारने भाकर खाल्ली. नाना ओसरीत आडवे झाले, पण डोळे उघडे होते. दोघांमध्ये बोलणं झालं ते एवढंच:

"उद्या लाईट आली त चालन का? तारीख सत्तावीस राहील."

"फ्लॉपीवरून चालेल. आजही चालेल. फक्त फ्लॉपीवरून."

"आन पुसलं असलं त?"

"तर पुसलेलं आहे, नाना. मग तारखेने काही फरक पडत नाही."

चारला सत्तारने शुद्ध फ्लॉपी पिशवीतून काढली, तिची खिडकी उघडी आहे हे नखाने चाचपलं आणि ती मशीनच्या फटीत घालून ठेवली. यूपीएसचं बटण बंद केलं, मशीनचंही. लाईट आली तरी त्याच्या हाताशिवाय काही उठणार नव्हतं. जळगावची पाचची गाडी निघून गेली. नानांनी त्याला आठवण केली नाही, तोही उठला नाही.

सायंकाळी साडेसहापर्यंत भुसावळहून ट्रॅक्टर आलेला नव्हता. लाईट आलेली नव्हती.